एका वाक्याचे पुरावे: पांडवलेण्यांवरील श्राव्यभागाची संहिता लिहिण्यापूर्वी

गेल्या जून महिन्यात आम्ही तिघांनी नाशिकच्या इतिहासावर पॉडकास्ट सुरू करायचे ठरवले, तेव्हा पहिला भाग पांडवलेण्यांवर असावा याबद्दल दुमत नव्हते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि संशोधन व लेखन माझ्याकडे होते. ध्वनिमुद्रण माझा भाचा पाहणार होता, आणि निवेदन करणारे काका अनेक वर्षे रंगभूमीवर काम केलेले गृहस्थ. भाग जानेवारीत प्रसिद्ध झाला. ऐकायला तो जेमतेम वीस मिनिटांचा आहे, पण त्याच्या संदर्भशोधनात पावसाळा संपून थंडी पडली. स्थानिक इतिहासावर असेच काही करू पाहणाऱ्यांना कुठे काय मिळते, कुठे थांबावे लागते आणि मिळालेला पुरावा निवेदनात कसा बसवता येतो, हे कळावे म्हणून हा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

कच्च्या आराखड्यात एक वाक्य होते: ‘गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून नाशिकचा प्रदेश पुन्हा जिंकला.’ नाशिकमध्ये शाळा शिकलेल्या कोणालाही ते ठाऊक असते. पहिल्या बैठकीत काकांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि विचारले, “ताई, हे कोण सांगतंय? माईकसमोर मी हे कुणाच्या भरवशावर म्हणायचं?” प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. छापील लेखात तळटीप देता येते. ऐकणाऱ्याला तळटीप दिसत नाही, त्यामुळे आधार द्यायचा तर तो वाक्यातच द्यावा लागतो. आधार माहीत नसेल तर तो वाक्यात येणार कुठून? म्हणून संहिता बाजूला ठेवून आधी या एकाच वाक्याचा माग काढायचे ठरले. पुढे लक्षात आले की या एका वाक्याचा माग काढताना बाकीच्या निम्म्या भागाचे काम आपोआप होत होते.

सुरुवात सगळे करतात तशी इंटरनेटवरून केली. हे वाक्य आणि त्याची भावंडे डझनावारी ठिकाणी सापडली: पर्यटनाची संकेतस्थळे, स्पर्धापरीक्षांच्या टिपणवह्या, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या. त्यातली उताऱ्यासारखी वाटणारी वाक्ये मी एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवली. तीच विशेषणे, त्याच क्रमाने, आणि मधली तीच विशेषणे गाळलेली, असे जवळजवळ सगळीकडे दिसले. हे लक्षण ओळखता आले पाहिजे. दहा जण एकच गोष्ट सांगत असतील आणि दहाही जणांनी ती एकाच ठिकाणाहून उचललेली असेल, तर आपल्या हातात दहा पुरावे नसतात, एकच असतो. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ‘यांनी कुठून घेतले?’ हा रकाना वाढवला आणि वर वर सरकत गेले. बहुतेक धागे एमिल सेनार या फ्रेंच विद्वानाने केलेल्या नाशिकच्या लेखांच्या वाचनापाशी येऊन थांबले. हे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या १९०५-०६ च्या आठव्या खंडात आहे.

जुलैमध्ये ग्रंथालये सुरू केली. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून आरंभ करणे स्वाभाविक होते. पुढे आणखी एका संस्थेच्या संदर्भ विभागातही जाणे झाले. तेथे ओळखपत्राची प्रत, अभ्यासाचा हेतू सांगणारा अर्ज आणि ओळखीच्या कोणाचे तरी शिफारसपत्र मागितले. अर्जात ‘पॉडकास्ट’ असे लिहिल्यावर टेबलावरच्या गृहस्थांनी पुष्कळ वेळ कागद निरखला. ‘स्थानिक इतिहासविषयक श्राव्य कार्यक्रम’ असे लिहिल्यावर अर्ज पुढे सरकला. जुने खंड भांडारातून वर यायला आठवडा गेला, आणि कागद ठिसूळ झाल्यामुळे त्यांची झेरॉक्स मिळाली नाही. नियम योग्यच आहे, पण त्यामुळे हाताने उतरवून घेण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. उतारा घेताना मी प्रत्येक पानाच्या माथ्यावर खंड, वर्ष आणि पृष्ठ आधी लिहीत असे, आणि मूळ शब्द निळ्या शाईत व माझे म्हणणे पेन्सिलीने. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य पुस्तकाचे आणि कोणते आपले, हा घोळ होत नाही.

हेच खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन स्वरूपातही मिळतात. पण तेथे शोधताना एक अडचण येते. जुन्या इंग्रजी छपाईतली अक्षरांवरची चिन्हे यंत्राला वाचता येत नाहीत, त्यामुळे Pulumavi असे टाइप केले की काहीच सापडत नाही आणि पुस्तकात ते नाव नाहीच असे वाटते. Pulumayi, Pulumai अशी रूपे टाकून पाहावीत किंवा नुसते Pulum टाकावे. त्याहून चांगले म्हणजे पुस्तकाच्या शेवटची सूची पाने उलटून वाचावी. मराठीत वाचायचे असेल तर वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांच्या कोरीव लेखांवर लिहिलेला ग्रंथ आहे. त्यात मूळ लेख आणि त्यांचे विवेचन दोन्ही असल्यामुळे सेनारच्या अर्थाशी ताडून पाहता आले.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकवरील सोळावा खंड १८८३ चा आहे आणि त्यातील लेण्यांच्या वर्णनामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे काम आहे. तो अतिशय उपयोगी पडला, पण त्याचे साल सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागले, कारण आमच्या प्रश्नातला एक मोठा पुरावा १९०६ साली जमिनीतून वर आला. जोगलटेंभीच्या नाण्यांबद्दल गॅझेटिअर गप्प आहे याचा अर्थ त्याला त्या नाण्यांबद्दल शंका होती असा होत नाही. ती नाणी तेव्हा कोणाला माहीतच नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस पाऊस ओसरल्यावर आम्ही छापील पाठ हातात घेऊन लेण्यांवर गेलो. शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगतचा हा डोंगर. तिकीट काढताना ध्वनिमुद्रणाबद्दल विचारून घ्यावे. संरक्षित स्मारकात चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि त्या खटाटोपात पडायचे नसल्यामुळे आम्ही तेथे फक्त पाहिले व लिहून घेतले. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतींवर छताजवळ लेख आहेत. भाच्याने मोबाइलचा दिवा अक्षरांवर समोरून न धरता बाजूने तिरपा धरला, तसे खोदलेल्या रेषांत सावली भरली आणि अक्षरे उठून दिसली. अक्षरांना हात लावू नये, खडू किंवा पाणी तर मुळीच नको. मला ब्राह्मी वाचता येत नाही, तरी छापील पाठाशी ओळींचा मेळ घालत गेल्यावर कोणता लेख कोणता, हे ओळखता आले.

मुख्य लेख गौतमी बलश्रीचा आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पक्षाच्या तेराव्या दिवशी हे लेणे भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिल्याचा हा लेख आहे. दानाच्या निमित्ताने बलश्रीने मुलाची मोठी प्रशस्ती कोरून घेतली आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. त्याने शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला. त्याने खखरातांचा, म्हणजे क्षहरातांचा, वंश निःशेष केला. सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित केले. घरी येऊन हा पाठ पुन्हा वाचताना मी नहपानाचे नाव शोधत होते. ते नाव या लेखात नाही. लेख फक्त घराण्याबद्दल बोलतो. नहपान क्षहरात होता, हे आपल्याला दुसरीकडून कळते: त्याचा जावई उषवदात याचे लेख दहाव्या लेण्यात आहेत आणि तेथे नहपानाला क्षहरात क्षत्रप म्हटले आहे. म्हणजे ‘गौतमीपुत्राने नहपानाला हरवले’ हे एकसंध वाटणारे वाक्य दोन लेण्यांतल्या दोन लेखांची सांधेजोड करून तयार झाले आहे, आणि ती जोड अभ्यासकांनी केलेली आहे.

जोड चुकीची आहे असे मुळीच नाही. पण ती जोड आहे हे कळल्यावर तिला आधार कोण देते, हे पाहणे ओघाने आले. तिसऱ्याच लेण्यात गौतमीपुत्राचा स्वतःचा, त्याच्या १८ व्या वर्षाचा लेख आहे. हा विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला पाठवलेला हुकूम आहे. पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तने शेत, जे आधी उसभदाताच्या भोगवट्यात होते, ते त्रिरश्मीवरच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हा उसभदात म्हणजेच नहपानाचा जावई, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मला हा पुरावा प्रशस्तीपेक्षा मोलाचा वाटला, कारण या लेखाला कोणाचे गुणगान करायचे नाही, जमिनीचा निकाल लावायचा आहे. आमच्या पतसंस्थेतही गौरव समारंभातले भाषण आणि गहाणखत यांतले कोणते कागद तिजोरीत जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते.

तिसरा साक्षीदार जोगलटेंभीचा. नाशिकच्या पूर्वेला गोदावरीकाठच्या या गावी १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली त्यांचा अभ्यास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सगळी नाणी नहपानाची, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. सप्टेंबरमध्ये शहरातल्या एका संग्राहकांनी त्यांच्याकडचे असे एक नाणे तळहातावर ठेवून दाखवले. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, हा सातवाहनी छाप. पण नाणे किंचित फिरवले की त्या डोंगराच्या कमानींमधून खालच्या जुन्या चेहऱ्याचे नाक आणि हनुवटी वर येते. छाप मारणाऱ्याने जुने नाणे वितळवले नाही, तसेच घणाखाली घातले. या नाण्यांवर नाव आहे, लेखात जे नाव नाही तेच. शिवाय ती कोणाच्या आईने पाडलेली नाहीत.

मात्र नाणी काय सांगत नाहीत, हेही वहीत लिहून ठेवले. एका राजाचा पैसा दुसऱ्याच्या हाती आला आणि त्याने त्यावर आपले नाव घालून तो चालवला, एवढे ती सांगतात. लढाई कुठे झाली, नहपान त्या वेळी जिवंत होता की नव्हता, तो रणात पडला की आधीच मेला होता, याबद्दल नाणी आणि वरचे लेख सगळेच मुके आहेत. इंटरनेटवर सर्रास दिसणारे ‘नहपानाला ठार मारले’ हे वाक्य आम्ही याच कारणासाठी घेतले नाही.

यानंतरचा सगळ्यात अवघड टप्पा एका विशेषणाचा होता. बलश्रीने ‘आपल्या दिवंगत मुलाची’ स्तुती केली, असे मी लिहिले होते. आईचा शोक निवेदनात सुंदर वाटला असता. पुण्यातील प्राचीन इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना मी संहितेचा तेवढा भाग पाठवला होता. उत्तराला बरेच दिवस लागले. त्यांची प्रकृती बरी नसे आणि मीही तगादा लावला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी फोन केला. “तो वारला होता, असं लेखात कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “सर, पुळुमावीचं १९ वं वर्ष आहे, म्हणजे मुलगा नसणारच ना?” ते हसले. “बहुतेकांचं मत तेच आहे आणि माझंही तेच आहे. पण बाप आणि मुलगा एकाच वेळी राज्य करत होते, असं मत भांडारकरांनी मांडलं होतं. तेव्हा हे अनुमान आहे, लेखाचं विधान नाही. आता शेजारचा २४ व्या वर्षाचा लेख काढा आणि आईला काय म्हटलंय ते बघा.”

तो लेख माझ्या वहीत होताच, पण त्या अंगाने मी त्याकडे पाहिले नव्हते. गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षी राजा आणि राजमाता या दोघांच्या वतीने सामक नावाच्या अमात्याला हुकूम गेला. कखडी गाव ओस पडले आहे आणि आधी दिलेले शेत कोणी कसत नाही, म्हणून भिक्षूंना दुसरीकडे शंभर निवर्तने द्यावीत, असा त्याचा मजकूर. त्यात राजमातेला ‘जीवसुता’ म्हटले आहे: जिचा मुलगा हयात आहे ती. पुळुमावीच्या १९ व्या वर्षाच्या लेखात तिला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हटले आहे, जीवसुता म्हटलेले नाही.

मग निवेदनात आम्ही मृत्यूचे विधान केलेच नाही. काका आता असे वाचतात: ‘पहिल्या लेखात या राजमातेची ओळख जीवसुता अशी करून दिली आहे, म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती. काही वर्षांनी, नातू राज्यावर असताना, तिने त्याच लेण्यात दुसरा लेख कोरवला. त्यात तिच्या नावाशी तो शब्द नाही. बहुतेक अभ्यासक यावरून काय ते समजतात.’ यानंतर काकांनी स्वतःहून एक श्वासाएवढी जागा सोडली आहे. अनुमानाला अनुमान म्हटल्याने प्रसंग फिका पडेल अशी माझी भीती होती. उलट ऐकणारा स्वतः तेथवर पोचतो, आणि वाक्याला कोणी हरकत घेतली तरी ते टिकते.

संहिता प्रत्यक्ष लिहिली ती नोव्हेंबरमध्ये. पानाचे दोन भाग केले: डावीकडे निवेदन, उजवीकडे त्या वाक्याचा आधार, खंड आणि पृष्ठासह. उजवी बाजू रिकामी राहिली की डावीकडचे वाक्य एकतर काढायचे किंवा ते आमचे मत आहे असे उघड म्हणायचे. आधार वाक्यात कुठे ठेवायचा यावर काकांशी बरीच चर्चा झाली. दर वाक्याला ‘सेनार यांच्या मते’ म्हटले तर ऐकणारा कंटाळतो, आणि ‘इतिहासकार सांगतात’ म्हटले तर काहीच सांगितल्यासारखे होत नाही. अखेर ज्यांनी पुरावा निर्माण केला त्यांनाच कथेतली पात्रे करावे, असे ठरले. बलश्री कोरून घेते, अमात्याला हुकूम मिळतो, स्कॉट नाणी तपासतात. मग आधार वेगळा जोडावा लागत नाही, तो वाक्याचा कर्ता होतो. मुख्य वाक्याची जागा अखेर या मजकुराने घेतली:

‘तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत एका आईने कोरून घेतले आहे की, माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला. आई असे म्हणणारच. पण त्याच ओसरीत एक सरकारी हुकूम आहे, आणि त्यात क्षहरातांच्या जावयाकडे असलेले शेत नवा राजा दुसऱ्याला देऊन टाकतो. आणि इथून पूर्वेला, जोगलटेंभीत, १९०६ साली हजारो नाणी सापडली: खाली नहपानाचा चेहरा, वर गौतमीपुत्राचा छाप.’

एका वाक्याची चार झाली आणि त्यासाठी लेण्यांच्या पायऱ्यांचे वर्णन कापावे लागले. काकांना ते वर्णन आवडत असे.

स्तुती आणि व्यवहार यांतला हाच फरक उषवदाताच्या दहाव्या लेण्यातल्या आकड्यांबाबत कामी आला. तो स्वतःबद्दल सांगतो की त्याने तीन लाख गायी दान दिल्या. त्याच लेण्यात त्याने गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेखही आहे: दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, असे लेख सांगतो. मी सवयीने हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. आकडा तंतोतंत जुळला. हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवला आहे, असेही लेखात पुढे म्हटले आहे. म्हणून निवेदनात गायींचे वाक्य ‘उषवदात सांगतो’ असे सुरू होते, आणि ठेवीचे वाक्य थेट ‘ठेवले’ असे संपते. दोन्ही एकाच माणसाचे लेख, एकाच लेण्यातले, पण क्रियापद वेगळे. ऐकताना हा फरक कोणाला जाणवत नसेल. तो आमच्यासाठीच आहे.

बलश्रीने दिलेल्या प्रदेशांच्या यादीचा प्रश्न शेवटी राहिला. सुरठ, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावंती अशी नावे त्यात आहेत. जुनागडच्या इ. स. १५० च्या लेखात क्षत्रप रुद्रदामनही हेच प्रदेश आपले म्हणून मोजतो, आणि दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिले, असे सांगतो. तो सातकर्णी नेमका कोण, यावर मतभेद आहेत. भाच्याचे म्हणणे होते की यात पडू नये, गोंधळ वाढेल. मी अर्ध्या मिनिटाची जागा मागून घेतली, कारण फक्त विजेत्याच्या आईचे ऐकून थांबलो असतो तर वरची सगळी मेहनत एकांगी ठरली असती. निवेदनात नहपानाचे साल दिलेले नाही. त्याच्या लेखांतली ४१, ४२, ४५ ही वर्षे कोणत्या गणनेतली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यामुळे ‘सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी’ एवढेच म्हटले आहे.

पांडवांचे काय, हे सगळे विचारतात. लेखांत डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे आणि लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदल्याचे ते स्वतःच सांगतात. तरीही ‘पांडवलेणी हे नाव चूक आहे’ असे वाक्य आम्ही टाळले. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरमध्येही ‘पांडू लेणी’ हेच नाव आहे, म्हणजे लोकपरंपरा निदान तेवढी जुनी. ती गावकऱ्यांची आठवण म्हणून एका वाक्यात येते आणि पुढच्याच वाक्यात लेख बोलू लागतो.

डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रणाआधी मी संहिता शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्यांचा इतिहासाशी संबंध नाही, म्हणूनच त्यांना निवडले. जेथे त्यांना ‘हे कुणी सांगितलं?’ असे वाटेल तेथे त्यांनी टेबलावर बोट वाजवायचे, असे ठरले होते. बोट वाजले तेथे आधार पुढे आणला; जेथे तीन नावे सलग आल्यावर त्यांचे लक्ष उडाले, तेथे नावे कमी केली. एपिग्राफिया इंडिकाचे नाव संपूर्ण भागात आता एकदाच येते. खर्च म्हणाल तर ग्रंथालयांचे शुल्क, झेरॉक्स, तिकिटे आणि पेट्रोल मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेला. ध्वनिमुद्रण घरी, कपाटातल्या गोधड्या भिंतीला टांगून केले, त्यामुळे त्याला खर्च नाही. दोन रकान्यांची संहिता मी छापून फाइलमध्ये ठेवली आहे. भाग प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आठवड्यात एका श्रोत्याने फोन करून ‘जीवसुता’ हा शब्द कुठल्या लेखात आहे ते विचारले. उजव्या रकान्यात बोट ठेवून वर्ष, खंड आणि पृष्ठ सांगितले, आणि त्यांनी लेण्यात जाऊन तो लेख भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे हेही विचारून घेतले.